पत्र कुणाच्या नावानं?

गेल्या आठवड्यात आपण जुन्या शेअर सर्टिफिकेटवरचे आकडे वाचले: फोलिओ क्रमांक, सर्टिफिकेट क्रमांक आणि शेअरचे अनुक्रमांक कुठून कुठपर्यंत आहेत ते. त्यानंतर सेलू तालुक्यातल्या वालूरहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं. वडिलांच्या ट्रंकेत त्यांना एक सर्टिफिकेट सापडलं होतं. त्यावर छापलेल्या पत्त्यावर त्यांनी पत्र पाठवलं, तर पाकीट ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत आलं. मग गावातल्या एकानं इंटरनेटवरून कंपनीचा एक ई-मेल शोधून दिला. तिथून ‘आपला संदेश मिळाला’ एवढंच यंत्रानं लिहिलेलं उत्तर आलं आणि पुढं काहीच नाही. ‘लिहायचं नक्की कुणाला?’ असा त्यांचा प्रश्न आहे, आणि आजचा भाग त्यावरच आहे.

त्यांच्या कंपनीचं नाव बाजूला ठेवतो आणि उदाहरणाला विप्रो घेतो. तिच्याबद्दलची सगळी माहिती जाहीर आहे आणि तिचा उगम आपल्याच मुलखातला आहे. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावानं ही वनस्पती तुपाची कंपनी नोंदली गेली. अमळनेरच्या कितीतरी घरांत तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यामुळे जुना कागद आणि नवी कंपनी यांची गाठ घालण्याचा प्रश्न तिथं नेहमीचा आहे. आज कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय बंगळुरूत सर्जापूर रोडला आहे. अमळनेरचा किंवा मुंबईचा पत्ता असलेला कागद हातात धरून पत्र लिहिलं तर ते का पोचत नाही, हे इथंच कळतं.

आधी माणसं ओळखून घेऊ. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीत आपल्या कामाच्या तीन जागा असतात.

पहिली जागा कंपनी सेक्रेटरीची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २०३ प्रमाणे प्रत्येक नोंदित कंपनीला पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी नेमावाच लागतो. सभांची कागदपत्रं, इतिवृत्तं, नोंदवह्या आणि सरकारकडं भरायचे फॉर्म ही त्याची कामं. नावात ‘सेक्रेटरी’ असलं तरी हा टंकलेखन करणारा सचिव नव्हे. कंपनी सेक्रेटरीची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्या संस्थेचा सभासद झालेला हा अधिकारी असतो.

दुसरी जागा कम्प्लायन्स ऑफिसरची. ही सेबीच्या २०१५ च्या नियमांतून आली. नियम सहा सांगतो की कम्प्लायन्स ऑफिसर हा कंपनी सेक्रेटरीची पात्रता असलेलाच हवा. त्यामुळे बहुतेक कंपन्यांत एकच माणूस दोन्ही पदं सांभाळतो आणि सहीखाली ‘कंपनी सेक्रेटरी व कम्प्लायन्स ऑफिसर’ असं लिहितो. तरीही पदं दोन का, हे लक्षात घ्यायला हवं. पहिल्या पदाची बांधिलकी कंपनी कायद्याशी आहे आणि दुसऱ्याची सेबीशी. भागधारकांच्या तक्रारींसाठी वेगळा ई-मेल ठेवणं आणि त्यावर लक्ष देणं हे कम्प्लायन्स ऑफिसरचं काम. काही कंपन्यांत मात्र ही दोन माणसं वेगळी असतात, म्हणून एकाचं नाव सापडलं की शोध थांबवू नये.

तिसरी जागा कंपनीबाहेर आहे. ती म्हणजे रजिस्ट्रार आणि शेअर ट्रान्सफर एजंट, बाजाराच्या भाषेत आरटीए. भागधारकांची नोंदवही प्रत्यक्षात याच्याकडं असते. गावच्या भाषेत सांगायचं तर जमीन मालकाची, पण सातबाऱ्यावरची नोंद विचारायची तलाठ्याकडं, तसा हा आरटीए. पत्ता बदलणं, वारसाचं नाव चढवणं, न मिळालेला लाभांश शोधणं, हरवलेल्या सर्टिफिकेटबद्दल अर्ज करणं ही सगळी कामं इथं होतात. विप्रोचं हे काम हैदराबादची केफिन टेक्नॉलॉजीज ही कंपनी बघते.

वालूरच्या गुरुजींनी ज्या पत्त्यावर ई-मेल केला, तो बहुधा चौथ्याच जागेचा असावा. मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर ‘Investor Relations’ असं ठळकपणे लिहिलेलं असतं, आणि आपणही गुंतवणूकदारच आहोत म्हणून माणूस तिथं लिहितो. पण तो विभाग मुख्यतः म्युच्युअल फंडांच्या आणि दलाली पेढ्यांच्या विश्लेषकांसाठी असतो. पुढच्या तिमाहीत नफा किती होईल असल्या प्रश्नांची सवय असलेल्या टेबलावर फोलिओ क्रमांक पडला की तो तिथंच पडून राहतो.

आता शोधाकडं वळू. सुरुवात कंपनीच्या आजच्या नावापासून करायची, कारण जुन्या कागदावरचं नाव आज असेलच असं नाही. ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावानं शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर काहीच सापडणार नाही. नाव बदललं तरी कंपनी तीच आहे हे सिद्ध करणारा धागा म्हणजे तिचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा एकवीस अक्षरांचा ओळख क्रमांक. कंपनीच्या प्रत्येक पत्रावर नोंदणीकृत पत्ता, फोन आणि ई-मेल यांच्यासोबत हा क्रमांक छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. विप्रोचा क्रमांक असा:

```
L32102KA1945PLC020800
```

पहिलं अक्षर L म्हणजे कंपनी शेअरबाजारात नोंदलेली आहे. तिथं U असता तर ती नोंदलेली नसती. पुढचे पाच आकडे उद्योगाचे. KA म्हणजे कर्नाटक, अर्थात आजचं नोंदणीकृत कार्यालय त्या राज्यात आहे. 1945 हे स्थापनेचं वर्ष. PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड कंपनी, आणि शेवटचे सहा आकडे कंपनी निबंधकाकडचा नोंदणी क्रमांक. राज्य बदललं तरी स्थापनेचं वर्ष बदलत नाही, म्हणून बंगळुरूची कंपनी आणि अमळनेरची कंपनी एकच हे या एका ओळीतून पटतं. हा क्रमांक mca.gov.in या सरकारी संकेतस्थळावर कंपनीच्या मूळ माहितीत मिळतो. तिथंच संचालकांसोबत सही करणाऱ्या अधिकाऱ्यांची यादी असते आणि तीत कंपनी सेक्रेटरीचं नावही येतं. कंपनी सुरू आहे, बंद झाली की अवसायनात आहे, तेही तिथंच दिसतं.

पहिलं अक्षर नजरेखालून घालण्याचं आणखी एक कारण विप्रोच्याच बाबतीत सापडतं. २०१३ मध्ये साबण, तेल वगैरे घरगुती वस्तूंचा धंदा वेगळा काढून ‘विप्रो एंटरप्रायझेस’ कंपनीकडं दिला गेला. ती शेअरबाजारात नोंदलेली नाही, म्हणजे तिचा क्रमांक U ने सुरू होतो. त्याआधीपासूनच्या भागधारकाचा त्या कंपनीतही काही हक्क निघू शकतो, पण शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर तिचा पत्ता शोधून मिळणार नाही. त्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागतं.

यानंतर bseindia.com उघडावं आणि शोधपट्टीत कंपनीचं नाव किंवा बाजारातला क्रमांक टाकावा. विप्रोचा क्रमांक आहे 507685. कंपनीच्या पानावर Corp Information असा भाग असतो. त्यात नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि रजिस्ट्रारचं नाव-पत्ता मिळतो. वालूरात घरी बसून हे जमत नसेल तर सेलूला कुठल्याही सेवा केंद्रात थोड्या वेळात होण्यासारखं काम आहे. फक्त त्या पानावर विसंबून थांबू नका. तिथली माहिती कधी अद्ययावत केली हे त्या पानावरून कळत नाही, आणि माझ्या मते तारीख नसलेली माहिती ही निम्मीच माहिती.

तारीख असलेली माहिती दोन ठिकाणी मिळते. एक म्हणजे कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल. त्यातल्या कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या प्रकरणात शेवटाकडं भागधारकांसाठी सर्वसाधारण माहिती असते. रजिस्ट्रारचा पत्ता, कम्प्लायन्स ऑफिसरचं नाव, पत्रव्यवहाराचा पत्ता आणि वर्षभरात किती तक्रारी आल्या-मिटल्या हे सगळं तिथं एकत्र सापडतं. तीनशे-चारशे पानांचा अहवाल बघून दडपून जाऊ नये, संगणकावर Registrar हा शब्द शोधला की ते पान समोर येतं. दुसरं ठिकाण म्हणजे शेअरबाजाराच्या पानावरच्या Corp Announcements. कंपनी सेक्रेटरी, कम्प्लायन्स ऑफिसर किंवा शेअर ट्रान्सफर एजंट बदलला की कंपनीला ते शेअरबाजाराला कळवावंच लागतं. अहवाल गेल्या वर्षीचा असेल तर त्यानंतरच्या घोषणांवर नजर टाकायची. बदल नसेल तर अहवालातला पत्ता चालू आहे असं समजायला हरकत नाही.

सेक्रेटरीची खुर्ची मधेच रिकामी असते असंही घडतं. एखाद्यानं राजीनामा दिला आणि नवा माणूस यायचा आहे, अशा वेळी कम्प्लायन्स ऑफिसरची जागा साधारण तीन महिन्यांत भरावी असा सेबीचा नियम आहे. म्हणूनच मी नेहमी सांगतो की पाकिटावर पदाचं नाव लिहा, माणसाचं नको. ‘कंपनी सेक्रेटरी व कम्प्लायन्स ऑफिसर, अमुक कंपनी लिमिटेड’ असं लिहिलेलं पत्र माणूस बदलला तरी योग्य टेबलावर जातं. नाव शोधायचं ते खात्री करण्यासाठी, म्हणजे उत्तर आलं की सही कुणाची आहे हे ताडून बघता येतं.

रजिस्ट्रारच्या बाबतीत जुनी नावं फार घोटाळा करतात. विप्रोच्या जुन्या लाभांशपत्रांवर ‘कार्वी कॉम्प्युटरशेअर’ असं छापलेलं आढळेल. २०१९ मध्ये कार्वी स्टॉक ब्रोकिंग या दलाली पेढीवर सेबीची कारवाई झाली तेव्हा पुष्कळांना वाटलं की आपली नोंदवहीही बुडाली. तसं नव्हतं. रजिस्ट्रारचं काम वेगळ्या कंपनीत होतं. ती आधी कार्वी फिनटेक झाली आणि मग केफिन टेक्नॉलॉजीज. तसंच मुंबईत विक्रोळीला असलेल्या ‘लिंक इनटाइम’चं नाव आता ‘एमयूएफजी इनटाइम’ आहे, आणि टाटा समूहाच्या जुन्या कागदांवर दिसणारी ‘टीएसआर दाराशॉ’ पुढं नाव बदलून त्याच लिंक इनटाइममध्ये विलीन झाली. कागदावरचं नाव आणि आजचं नाव यांचा मेळ असा घालावा लागतो.

सगळेच बदल मात्र इतके निरुपद्रवी नसतात. मुंबईची ‘शेअरप्रो सर्व्हिसेस’ ही बऱ्याच नावाजलेल्या कंपन्यांची रजिस्ट्रार होती. २२ मार्च २०१६ रोजी सेबीनं तिच्याविरुद्ध अंतरिम आदेश काढला. वर्षानुवर्षं ज्यांनी लाभांश उचलला नव्हता अशा भागधारकांचे शेअर आणि पैसे संबंधित माणसांच्या नावावर वळवल्याचे प्रकार त्यात पुढं आले. सेबीनं कंपन्यांना नोंदी तपासायला आणि दुसरा रजिस्ट्रार नेमायला सांगितलं. ट्रंकेत विसरलेलं सर्टिफिकेट म्हणजे नेमका असाच झोपलेला फोलिओ. त्यामुळे रजिस्ट्रारला पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत कंपनी सेक्रेटरीलाही पाठवायची, हा माझा आग्रह शिष्टाचारासाठी नाही. नोंदवही बाहेरच्याकडं असली तरी जबाबदारी कंपनीचीच राहते, आणि सेक्रेटरीच्या टेबलावर कागद पडला की दोन्हीकडं नोंद होते.

रजिस्ट्रार खरा आहे की नाही हे पडताळायचं असेल तर sebi.gov.in वर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी आहे. प्रत्येकाचा सेबी नोंदणी क्रमांक INR या अक्षरांनी सुरू होतो. केफिनचा आहे INR000000221. ‘तुमचे जुने शेअर काढून देतो, वीस टक्के द्या’ असा फोन येणारी मंडळी हल्ली वाढली आहेत. त्यांच्याकडं हा क्रमांक नसतो, ई-मेलही फुकटातल्या सेवेचा असतो. खरा ई-मेल कंपनीच्या किंवा रजिस्ट्रारच्या स्वतःच्या नावाचा असतो, जसा केफिनचा einward.ris@kfintech.com.

आता पत्रात विचारायचं काय? समजा १९९६ सालच्या सर्टिफिकेटवर विप्रोचे दहा रुपये दर्शनी किमतीचे १०० शेअर आहेत. १९९७ मध्ये एकाला दोन बोनस मिळाला, शेअर झाले ३००. १९९९ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच तुकडे झाले, म्हणजे १,५००. २००४ च्या एकाला दोन बोनसनं ४,५००, २००५ च्या एकास एकनं ९,०००. २०१० मध्ये तिनास दोन, म्हणून १५,०००. २०१७ मध्ये ३०,०००, २०१९ मध्ये तिनास एक म्हणून ४०,००० आणि २०२४ च्या एकास एक बोनसनं ८०,०००. कागदावर मात्र अजून १०० च लिहिलेले असतात. ही आकडेमोड मुद्दाम केली, कारण ‘माझे शंभर शेअर शोधून द्या’ असं लिहिलं तर प्रश्नच अपुरा राहतो. पत्रात विचारायचं ते असं: या फोलिओवर आजच्या तारखेला किती शेअर आहेत, बोनसचे शेअर कुठल्या खात्यात ठेवले आहेत, कोणत्या वर्षांचा लाभांश पडून आहे, आणि यातलं काही आयईपीएफकडं, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडं गेलं आहे का?

शेवटचा प्रश्न सोडू नका. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही तर नुसता लाभांशच नव्हे, शेअरही त्या निधीकडं जातात. ते परत मिळतात, पण मग अर्जाचा रस्ता वेगळा होतो आणि कंपनीतला माणूसही. आयईपीएफसाठी प्रत्येक कंपनीला नोडल ऑफिसर नेमावा लागतो. पुष्कळदा तो कंपनी सेक्रेटरीच असतो. त्याचं नाव कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतं, आणि तिथंच न उचललेल्या लाभांशाची नावांसकट यादीही असते. पत्र लिहिण्याआधी तीत वडिलांचं नाव शोधून पाहावं.

वडील हयात नसल्यामुळे गुरुजींनी एक काळजी घ्यायला हवी. फोलिओची माहिती दुसऱ्या कुणाला सहसा दिली जात नाही, म्हणून मृत्यू दाखल्याची साक्षांकित प्रत आणि नात्याचा पुरावा पहिल्याच पत्राला जोडावा. मूळ सर्टिफिकेट पाठवू नये, छायाप्रत पुरे. आलेल्या उत्तरात फॉर्मांची नावं असतील. वारसाच्या नावावर शेअर करण्यासाठी आयएसआर-५ आणि केवायसीसाठी आयएसआर-१ हे त्यातले मुख्य. शेवटी शेअर कागदावर न येता डीमॅट खात्यातच येतील, तेव्हा ते खातं आधीच उघडून ठेवलेलं बरं. या फॉर्मांकडं पुढच्या भागात येऊ.

पत्र स्पीड पोस्टनं पाठवावं, पोस्टाची पावती जपून ठेवावी आणि तोच मजकूर ई-मेलनंही पाठवावा. महिनाभर वाट बघून उत्तर नसेल तर पहिल्या पत्राचा संदर्भ देऊन कम्प्लायन्स ऑफिसरला तक्रारीच्या ई-मेलवर लिहायचं, आणि विषयात सरळ ‘तक्रार’ असं म्हणायचं. विचारणा आणि तक्रार यांची मोजणी कंपन्या वेगळी करतात, तक्रारींचा आकडा त्यांना जाहीर करावा लागतो. तरीही काही हललं नाही तर scores.sebi.gov.in वर सेबीकडं तक्रार नोंदवता येते. तिथं कंपनीला २१ दिवसांत काय केलं ते कळवावं लागतं. ते समाधानकारक नसेल तर पंधरा दिवसांच्या आत फेरतपासणी मागता येते. आधी कंपनीकडं लिहिल्याचा पुरावा तिथं उपयोगी पडतो, म्हणून पोस्टाच्या पावतीचा एवढा आग्रह.

हा सगळा रस्ता चालत्या कंपनीचा आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचे शेअर असतील. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावची ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. अशा कंपनीत संचालक मंडळाचे अधिकार रिझोल्यूशन प्रोफेशनलकडं जातात. कंपनी सेक्रेटरी असलाच तरी तो त्याच्या हाताखाली काम करतो, म्हणून पत्र रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या पदनामानं जातं आणि त्याचं नाव ibbi.gov.in वर शोधायचं. फोलिओतली नोंद तेव्हाही रजिस्ट्रारकडून कळू शकते. शेअरची किंमत उरली आहे का, हा प्रश्न मात्र त्याच्या हातचा नाही.